सोसायटीच्या चवथीचा फलक

गेल्या चवथीच्या आधी फोंड्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी मला व्हॉट्सॲपवर पोस्टरच्या कच्च्या मसुद्याचा फोटो पाठवला. ए-३ कागद नोटीसबोर्डावर टाचून खालून टिपलेला होता, त्यामुळे वरची बाजू निमुळती झाली होती आणि ट्यूबलाइटची चकाकी नेमकी वेळेच्या ओळीवर पडली होती. तिरक्या फोटोवरून अक्षरांचे आकार ठरवता येत नाहीत, म्हणून मी आधी कागदाचे चार कोपरे सरळ करून घेतले. तेव्हा दिसले, की फोटोत बेताचे वाटणारे सोसायटीचे नावच सगळ्यात मोठे होते.

खरी अडचण मजकुरात होती. ‘सर्व रहिवाशांना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, सालाबादप्रमाणे यंदाही’ अशी सुरुवात होऊन माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर फळाभाज्यांनी सजवून टांगायच्या चौकटीचे, साहित्य आणून देण्याची विनंती सातव्या ओळीत, समितीच्या नावांना चिकटून आली होती. माटोळी चतुर्थीच्या आदल्या दिवशी बांधायची असते. ती विनंती कोणाच्या नजरेस पडली नाही, तर फलक लावूनही काम अडून राहते.

मी ते प्रास्ताविक काढले आणि विनंती आज्ञार्थी क्रियापदासह एका ओळीत आणली: ‘माटोळीचे साहित्य चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी १० पर्यंत हॉलमध्ये द्या.’ शीर्षक मात्र ‘घुमट आरती व महाप्रसाद’ एवढेच ठेवले. घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने आरती होणार होती, आणि लिफ्टपाशी थांबणारा माणूस कार्यक्रम कोणता आणि कधी, हेच आधी शोधतो.

वेळेच्या ओळीत चकाकीखालून आकड्याचा फक्त वरचा गोल दिसत होता. तो १ असू शकत होता आणि ९ही. दुपारचा महाप्रसाद की रात्रीची आरती, दोन्ही पटण्यासारखे होते. अंदाज न करता मी काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘रात्री नऊ गो. सगळ्यांना ठाऊकच आहे.’’ नव्या भाडेकरूंना ते ठाऊक नसणार, म्हणून ‘रात्री ९’ असे शब्दासह लिहिले.

तीन मीटरवरून सहज वाचता यावे, तर अक्षर साधारण अडीच सेंटीमीटर उंच हवे, हा ठोकताळा मी पाळते. मात्र ते माप मात्रा-वेलांट्या वगळून, शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत घेते. संगणकातल्या फाँटच्या आकारात वरच्या-खालच्या चिन्हांची जागाही धरलेली असल्याने छापलेले अक्षर अपेक्षेहून लहान निघते. शीर्षक दोन ओळींत मोडले, तेव्हा वरच्या ‘घुमट’मधला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला टेकू लागला, म्हणून ओळींमधले अंतर वाढवले.

समितीची नावे गाळायला काका तयार नव्हते, आणि त्यांचे म्हणणे मला रास्त वाटले. वर्गणी गोळा करायला तीच माणसे दारोदारी फिरली होती. नावे सगळी राहिली, फक्त तळाशी, लहान आणि साध्या अक्षरांत, भोवती मोकळी जागा सोडून.

छपाईआधी एक प्रत काढून काकांनी ती लिफ्टजवळ लावली आणि वरच्या मजल्यावरच्या आजींना पाच पावलांवरून वाचायला सांगितले. त्यांनी आधी ‘घुमट आरती’ वाचले, मग ‘रात्री ९’, आणि मग विचारले, ‘‘माटोळीक नारळ चालतले मरे?’’