उलट्या क्रमाचा डेटा आणि हीपची बांधणी

एका शेड्युलरची तक्रार आमच्याकडे तपासायला आली होती. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की साठवलेली कामे डिस्कवरून वाचून `PriorityQueue` मध्ये भरायची, आणि ज्याची मुदत सर्वांत जवळची ते काम आधी उचलायचे, एवढेच त्याचे काम. चाचणीत ही भरणी झटपट व्हायची. प्रत्यक्ष वापरात मात्र तेवढ्याच कामांना कितीतरी जास्त वेळ लागायचा. आम्ही तुलना करणाऱ्या फंक्शनमध्ये एक काउंटर बसवला आणि १०,४८,५७५ कामे भरून पाहिली. ही संख्या मुद्दाम घेतली, कारण `PriorityQueue` आतून हीप वापरते, म्हणजे प्रत्येक पालक आपल्या दोन अपत्यांपेक्षा मोठा नसेल असा वृक्ष, आणि तेवढ्या नोडमध्ये त्याच्या २० पातळ्या पूर्ण भरतात आणि हिशेब नेमका करता येतो. काउंटरवर आकडा आला १,८८,७४,३७०.

हा आकडा कुठून आला हे डेटाचा क्रम पाहिल्यावर कळते. फाइलमधली कामे सर्वांत दूरच्या मुदतीपासून जवळच्या मुदतीकडे लिहिलेली होती. त्यामुळे आत येणारे प्रत्येक काम आधीच्या सगळ्यांपेक्षा लहान ठरायचे आणि तळापासून थेट मुळापर्यंत चढायचे. जवळजवळ निम्मे... खरे तर निम्म्याहून किंचित जास्त नोड सर्वांत खालच्या पातळीवर असतात, आणि एकेक घालण्याच्या पद्धतीत नेमके त्यांनाच सर्वांत लांबचा, १९ पातळ्यांचा प्रवास करावा लागतो. चाचणीतला डेटा यादृच्छिक होता. तिथे नवा घटक सरासरीने एक-दोन पातळ्या चढून थांबतो, म्हणून दोष दिसलाच नाही. हीपची चाचणी फक्त यादृच्छिक डेटावर घेऊ नये असे मी आग्रहाने सांगतो ते यामुळेच.

रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६४ मध्ये मांडलेली पद्धत हाच हिशेब उलटा करते. सगळे घटक आधी अ‍ॅरेत जसेच्या तसे ठेवायचे आणि शेवटच्या पालकापासून मागे येत प्रत्येकाला खाली सरकू द्यायचे:

```java
for (int i = n / 2 - 1; i >= 0; i--)
    siftDown(a, i, n);
```

पानांना हातच लावायचा नाही. त्यांच्या वरच्या पातळीतले नोड फार तर एक पायरी उतरतात, त्यावरचे दोन. लांबचा प्रवास फक्त मुळाजवळच्या मोजक्या नोडच्या वाट्याला येतो. किमान h पायऱ्या उतरू शकतील असे नोड n/2^h पेक्षा जास्त नसतात, म्हणून एकूण पायऱ्या n/2 + n/4 + n/8 + … अशा होतात आणि ही बेरीज n च्या आतच राहते. त्यासाठी वेगळे काही सिद्ध करावे लागत नाही.

लहान उदाहरण हाताने करून पाहावे. अ‍ॅरे 7 6 5 4 3 2 1, मूळ सर्वांत लहान हवे. 5 च्या जागी 1 येतो, 6 च्या जागी 3 येतो. मग 7 आधी 1 शी आणि नंतर 2 शी जागा बदलतो. अ‍ॅरे होतो 1 3 2 4 6 7 5, चार अदलाबदलींत. एकेक घालत गेलो तर याच क्रमाला दहा लागतात.

लूपची दिशा मात्र बदलता येत नाही. हाच अ‍ॅरे पुढून मागे हाताळला तर 5 3 1 4 6 2 7 असा उरतो, आणि मुळाशी 5 असताना खाली 3 व 1 बसलेले दिसतात. खाली सरकवण्याची क्रिया दोन्ही उपवृक्ष आधीच हीप आहेत असे धरून चालते, आणि ती अट मागून पुढे येतानाच पाळली जाते.

आता मूळ कोडकडे. त्यात तुलनेसाठी स्वतंत्र `Comparator` दिला होता आणि भरणी `addAll` ने होत होती. जावामध्ये `addAll` आतून एकेकच `add` करते. यादी थेट घेणारा कन्स्ट्रक्टर तळापासून बांधणी करतो, पण यादी आणि `Comparator` दोन्ही घेणारा कन्स्ट्रक्टरच नाही. आम्ही कामाच्या क्लासलाच `Comparable` केले आणि यादी कन्स्ट्रक्टरला दिली. त्याच डेटावर काउंटर २०,९७,११० वर थांबला: १०,४८,५५५ पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला दोन तुलना, एक दोन अपत्यांमधली आणि दुसरी सरकणाऱ्या घटकाशी. फाइल उलटी वाचूनही भरणी स्वस्त झाली असती, पण मग उद्या कोणी फाइलचा क्रम बदलला की तोच त्रास परत.

सगळी कामे एकामागून एक बाहेर काढायची असतील तर काढण्याचा खर्च n log n च राहतो आणि बांधणीतली बचत त्यात बरीचशी झाकली जाते. इथे सुरुवातीला त्यातली थोडीच लागत होती, म्हणून फरक ठळक दिसला. आणि कामे चालू असताना एकेक येत राहतात तिथे `add` ला पर्याय नाही, कारण तळापासून बांधायला सगळे घटक आधी हातात असावे लागतात.