सहपरिवारी

नाशिकच्या मेनरोडला लागून असलेल्या एका बोळातल्या लग्नपत्रिकांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो होतो. दादा, वहिनी आणि मी. माझं काम काय, तर घरात मला ‘लिहिता येतं’ असा समज आहे. दुकानदाराने कागदाचे नमुने दाखवले, मग मजकुराची वेगळी वही पुढे सरकवली. प्लास्टिकच्या पानांत प्रत्येक मजकुराला आकडा दिलेला. “ताई, सात नंबर खूप चालतो,” तो म्हणाला. सात नंबर असा होता:

जुळून आल्या रेशीमगाठी, सनई वाजे दारी,
दोन मनांच्या मीलनास या, यावे सहपरिवारी!

वहिनीला आवडला. माझी नजर मात्र ‘सहपरिवारी’वर अडकली. ‘दारी’शी जुळवायला बिचाऱ्या परिवाराला शेवटी वेलांटी लावलेली. आणि भाचीच्या लग्नात सनई दारी वाजणारच नव्हती, ती गंगापूर रोडच्या लॉन्सवर स्पीकरमधून वाजणार होती. मी म्हटलं, मजकूर मी लिहिते. बाहेर पडल्यावर रविवार कारंजावर चांदीच्या गणपतीला हात जोडताना लक्षात आलं की, आपण उगाचच काम ओढवून घेतलंय.

पहिला मसुदा रात्रीच लिहून काढला. ‘आमच्या अंगणातली चिमणी आता नव्या घरट्यात निघाली आहे...’ वहिनीने चष्मा लावून वाचला आणि विचारलं, “अंगण कुठलं हो? आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो.” तिचं बरोबर होतं. मी कविता काढून गद्य लिहिलं नव्हतं, सात नंबरचंच यमक काढून टाकलं होतं. तो कागद शेजारच्यांच्या मुलीच्या पत्रिकेवरही अक्षर न बदलता खपला असता.

कविता पत्रिकेवर एवढी का टिकून आहे, ते मला तेव्हा कळलं. तिच्यात बोलणारं माणूसच नसतं. कोण बोलावतंय, कुणाला, कुठल्या नात्याने, यातलं काहीच तिला ठरवावं लागत नाही. ‘आम्ही’ म्हणून लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत प्रश्न येतो, आम्ही म्हणजे कोण? दादाला मुलगी सासरी जाणार म्हणून आतून गलबलतंय. तिकडे पंचवटीत मुलाच्या आईला घरात माणूस येणार याचा आनंद आहे. या दोघांचं मिळून एक ‘आम्ही’ केलं, की ते पुन्हा सनई आणि रेशीमगाठींकडेच जातं.

उपाय दादाच्या फोनने सुचवला. आमंत्रणाचे फोन सुरू झाले होते आणि तो गॅलरीत उभा राहून निफाडच्या चुलतभावाशी बोलत होता. “अरे, चिऊचं लग्न ठरलं. सगळे या. आणि अक्षता टाकून पळायचं नाही, निवांत जेवून जायचं.” हा माणूस एरवी पोस्टकार्डाएवढंसुद्धा बोलत नाही. मी तिथेच वाण्याच्या बिलामागे ते वाक्य उतरवून घेतलं. पुढचे तीन-चार फोन ऐकत बसले. प्रत्येकाला तो एखादी आठवण काढून बोलावत होता. तू तिला खांद्यावर घेऊन रामरथ दाखवलास, तू तिचं गणित घेतलंस. मजकूर फोनवर तयार होत होता, मला फक्त गाळायचा होता.

मुलाच्या आईकडे दुसऱ्या दिवशी गेले. त्यांच्या नात्यातल्या रिवाजाप्रमाणे पत्रिकेत वरच्या बाजूला मुलाच्या दिवंगत वडिलांचं ‘कै.’ लावून नाव, आणि निमंत्रक म्हणून काका. मी भीतभीतच विचारलं, की बोलावणं कुणाच्या नावाने लिहू? त्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, “दीरांचं नाव असू द्या खाली, मान आहे त्यांचा. पण बोलावणं माझं आहे.” मग आम्ही एक ‘आम्ही’ सोडूनच दिला आणि दोन घरांचे दोन छोटे परिच्छेद केले.

“आमच्या चिऊचं लग्न ठरलंय. तुमच्यापैकी कुणी तिला खांद्यावर घेऊन रामरथ दाखवलाय, कुणी तिचं गणित घेतलंय. त्यामुळे तुम्ही सगळे यायलाच हवं. अक्षता टाकून लगेच निघू नका, निवांत जेवा. – चिऊचे आई-बाबा

आमच्या घरी बरीच वर्षं दोनच ताटं वाढली जायची. आता तिसरं येतंय. ह्यांना हा दिवस बघायचा होता. त्यांच्या वाटचं स्वागतही मीच करणार आहे, तेव्हा नक्की या. – मुलाची आई”

मला वाटलं, झालं. पण जुन्या ठराविक शब्दांना मी जितकं पोकळ समजत होते तितके ते नसतात, हे वहिनीने दाखवलं. “‘सहकुटुंब सहपरिवार’ कुठंय?” तिने विचारलं. मी म्हटलं, ‘तुम्ही सगळे’ लिहिलंय की. ती म्हणाली, “तुमचे भाऊ फोनवर म्हणतात तेव्हा ते कळतं. कागदावर तो शब्द नसला, तर गावाकडे विचारतात, बोलावलंय कुणाला, एकालाच की घराला?” आणि पाकिटावर नुसतं ‘श्री.’ असेल तर विचारायलाच नको. तो शब्द म्हणजे शोभा नव्हे, मोजदाद आहे. तसंच तारखेचं. माझ्या पहिल्या मसुद्यात मुहूर्ताची वेळ एका लांबलचक वाक्याच्या पोटात गेली होती. घाईत पत्रिका बघणारा माणूस वाक्य वाचत नाही, तो वार, वेळ आणि कार्यालय शोधतो.

शिवाय नावांचा घोळ. पत्रावर ‘चिऊ’ शोभते, पण विवाहनोंदणीच्या वेळी कागदपत्रांसोबत लग्नपत्रिका मागतात. तिथे चिऊ कोण? म्हणून डाव्या पानावर पत्र ठेवलं आणि उजव्या पानावर सगळं जुन्या शिस्तीत. गणपती, कुलस्वामिनी, दोघांची कागदोपत्री आहेत तशी पूर्ण नावं, तारीख आकड्यांत, वेळ, पत्ता, ‘सहकुटुंब सहपरिवार’, आणि खाली काकांचं नाव. पंचांगाची मिती दादाने घालायला लावली. घालू दे.

छापखान्यात आणखी एक वळसा. मी मोबाईलवरून पाठवलेला मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये गेल्यावर चौकोन आणि चिन्हांची रांगोळी झाली. मग तिथल्या मुलाने तो पुन्हा टाइप केला. अशा वेळी प्रूफ नव्याने वाचावंच लागतं, कारण चुका लिहिणाऱ्याच्या नसतात, हाताच्या सवयीच्या असतात. त्याने ‘आशीर्वाद’चा ‘आर्शिवाद’ केला होता. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि लग्नपत्रिकांत तो इतका बसलाय की बरोबर लिहिलेला शब्दच डोळ्याला चुकीचा वाटतो. आमच्या मजकुरात ‘निवांत’वरचा अनुस्वारही उडाला होता. ‘निवात जेवा.’ मी प्रूफावर लाल शाईने गोल केले, तो मुलगा हसला आणि दुरुस्त करून दिलं.

पत्रिका वाटून झाल्यावर ओझरच्या मावशीचा फोन आला. ती म्हणाली, “वाचताना अगदी दादा फोनवर बोलतोय असं वाटलं गं.” मी फुशारून ‘हो ना’ म्हणणार, तेवढ्यात तिने पुढे विचारलं, “पण कविता विसरलात का छापायला?”