शिवणीवरची 0.18 मिलिमीटर

बैठकीच्या खोलीसाठी लटकत्या दिव्याची थ्रीडी प्रिंटरवर छापायची शेड हवी होती: 140 मिलिमीटर व्यासाची, 180 मिलिमीटर उंचीची आणि मधमाशीच्या पोळ्यापेक्षा अनियमित जाळीची. ऱ्हायनो या थ्रीडी आरेखन प्रणालीतल्या ग्रासहॉपरमध्ये मी शेडचा पृष्ठभाग उलगडून सपाट आयत मानला, त्यावर 60 बिंदू विखुरले आणि `Voronoi` जोडले. मात्र आयत तसाच गुंडाळला, तर दोन्ही कडांवरच्या पेशी कापल्या जातात आणि शेडवर एक सरळ उभी शिवण उमटते. म्हणून सगळे बिंदू परिघाएवढे सरकवून डावीउजवीकडे त्यांची एकेक प्रत ठेवली, मधल्या 60 बिंदूंच्याच पेशी निवडल्या आणि त्यांच्या रेषांची टोके पुढील सूत्राने गोलाकार वळवली; यात `s` हे सपाट आयतावरचे आडवे अंतर, `r` ही शेडची त्रिज्या, आणि उंची तशीच राहते.

```
x = r*cos(s/r)
y = r*sin(s/r)
```

शेजारच्या दोन पेशींची सामाईक कड दोनदा येते, त्यामुळे `removeDuplicateLines` लावून मग `MultiPipe`ने 4 मिलिमीटर जाडीच्या दांड्या केल्या. प्रत्येक रेषेला स्वतंत्र पाइप देऊन ते `Solid Union`ने जोडण्याचा माझा आधीचा प्रयत्न सांध्यांवरच फसला होता. या वेळी मेश बंद असल्याचा निर्वाळा ऱ्हायनोने दिला, उघडी कड एकही नव्हती. तरीही स्लायसरमध्ये एक नागमोडी दांडी इतरांपेक्षा जाड दिसत होती आणि तिच्या लांबीभर बारीक खाच होती. म्हणजे तिथे दोन दांड्या एकमेकींत घुसलेल्या होत्या. बंद मेश म्हणजे एकसंध कवच नव्हे, हे त्या खाचेने दाखवले.

दोष नेमका कुठे आहे, हे मोजणीने सापडले. वरचा व खालचा काठ धरून प्रत्येक सांध्यावर तीनच रेषा भेटायला हव्यात, आणि अशा नळाकार जाळीत 60 पेशींना बरोबर 120 सांधे व 180 रेषा येतात. माझ्याकडे रेषा 189 आणि सांधे 130 निघाले. प्रत्येक सांध्यावर किती रेषा भेटतात ते सांगणाऱ्या `Cull Duplicates`च्या `V` या निर्गमात काही सांध्यांपुढे 3 ऐवजी 2 होते आणि ते सगळे त्या नागमोडी रेषेवरच होते. प्रती सरकवताना मी परीघ 440 असा हाताने लिहिला होता. 70 त्रिज्येचा खरा परीघ 439.82 आहे. त्या 0.18 मिलिमीटरमुळे शिवणीवरच्या जुळ्या रेषा 0.01 च्या सहनमर्यादेबाहेर राहिल्या आणि काढल्याच गेल्या नाहीत.

मी परिघाच्या जागी `2*Pi*r` लिहिले आणि त्रिज्येचा एकच स्लायडर साऱ्या व्याख्येला जोडला. रेषा 180 झाल्या, सांधे 120, आणि `V`च्या यादीत पहिल्यापासून शेवटपर्यंत 3. शेडचे पीएलए प्लास्टिक साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडते, म्हणून आत एलईडी बल्बच लावला. छापलेली शेड पेटवून चारही बाजूंनी फिरवली, तेव्हा शिवण कुठे होती ते मलाही ओळखता आले नाही.