वहीतल्या गाण्याला चाल लावताना

परभणीत मी हार्मोनियम आणि गिटार शिकवतो. गंगाखेडकडच्या एका निवृत्त शिक्षिकेने मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला आणि त्याखाली ‘सर, याला चाल लावा’ एवढेच लिहिले. गाणे कोण म्हणणार, साथीला काय असणार, गंभीर हवे की ठेक्यातले, यांपैकी काहीच त्यात नव्हते. अशा वेळी उलट दहा प्रश्न विचारले, तर माणूस संकोचतो आणि गाणे वहीतच राहते, असे मी पाहिले आहे. म्हणून एकच साधी चाल आणि तीन कॉर्ड बसवून द्यायचे, जे गृहीत धरले ते स्पष्ट लिहायचे आणि शब्दांना हात लावायचा नाही, असे मी ठरवले.

पहिले काम वाचनाचे होते. फोटो वरच्या बाजूला कापलेला होता, आणि ही बाब दिसते तितकी किरकोळ नाही. हाताने लिहिलेल्या गाण्यांच्या माथ्यावर पुष्कळदा ‘चाल’ असे लिहून एखाद्या प्रसिद्ध गाण्याची ओळ दिलेली असते. तशी ओळ असेल, तर कवयित्रीच्या कानात चाल आधीच आहे आणि नवी चाल तिला परकी वाटणार. दुसरी अडचण एका अक्षराची होती. ‘पोतं डोक्यावर’ यानंतरचा शब्द ‘धरी’ होता की ‘घरी’, हे शाई पसरल्यामुळे कळत नव्हते आणि अर्थ दोन्हीकडून लागत होता. सोबती पोते डोक्यावर धरतो म्हटले, तर वाक्य तिथे पूर्ण होते आणि सूर षड्जावर टेकवता येतो. पोते डोक्यावर घेऊन तो घरी निघाला म्हटले, तर वाक्य लोंबकळते आणि सूर रिषभावर उघडा ठेवावा लागतो. हे दोनच प्रश्न मी बाईंना फोनवर विचारले. चाल कोणतीही ठरलेली नव्हती आणि शब्द ‘धरी’ होता.

फोटोतले गाणे मी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून काढले, कारण लिहिताना कापलेली अक्षरे आणि हरवलेले अनुस्वार लगेच ध्यानात येतात. ‘पोतं’, ‘तिथं’, ‘त्यानं’ हे शब्द मी तसेच ठेवले. त्यांचे ‘पोते’, ‘तिथे’ केले असते, तर शेवटचा स्वर बदलून गाणाऱ्याचे तोंड वेगळे उघडले असते, शिवाय गोदाकाठची बोलीही गेली असती. (बाईंनी नदीला गोदा म्हटले आहे, त्यांच्या गावात तिला सगळे गंगाच म्हणतात.)

त्यानंतर वाद्य बाजूला ठेवून अक्षरे मोजली. धृपद असे होते:

गोदेकाठी शाळा माझी
वडाखाली भरायची

ऱ्हस्वाची एक आणि दीर्घाच्या दोन अशा मात्रा मोजल्या, तर पहिल्या ओळीत सोळा आणि दुसरीत तेरा येतात, आणि रचना सदोष वाटते. अक्षरे मोजली, तर दोन्हीकडे आठ भरतात. म्हणजे हे अभंग-ओवीच्या कुळातले लेखन आहे, जिथे गाताना ऱ्हस्व अक्षरालाही दीर्घाइतकाच वेळ मिळतो. त्यामुळे आठ मात्रांचा केरवा आपोआप ठरला: एका मात्रेवर एक अक्षर. पहिल्या ओळीत समेवर ‘गो’ आणि पाचव्या मात्रेवर ‘शा’ येतो, दुसरीत ‘व’ आणि ‘भ’ येतात. चारही ठिकाणी शब्दाची सुरुवात आहे, म्हणून धृपद ठेक्यावर सहज बसले. स्वर असे लावले:

सा रे ग ग | प ग रे रे
ग रे सा रे | ग रे सा सा

पहिली ओळ रिषभावर थांबते आणि दुसरी षड्जावर येऊन पुरी होते. भूपाचे पाच स्वर घेतले ते राग उभा करण्यासाठी नव्हे, तर मध्यम आणि निषाद नसले की समूहात बेसूर होण्याच्या जागा कमी होतात म्हणून.

कडव्यात मात्र अडले.

पाऊस येता सोबती
पोतं डोक्यावर धरी

आठ अक्षरे इथेही आहेत, पण पाचव्या मात्रेवर ‘येता’मधला ‘ता’ आणि ‘डोक्यावर’मधला ‘व’ येतो, म्हणजे जोर शब्दाच्या मधोमध पडतो. नुसत्या टाळीवर ओळ म्हटली की ‘डोक्या… वर’ असे दोन तुकडे ऐकू येतात. बाईंना शब्द बदलायला सांगणे सोपे होते, पण त्यांनी चाल मागितली होती, दुरुस्ती नव्हे. उपाय स्वरांत सापडला. चौथ्या आणि पाचव्या मात्रेवर तोच स्वर ठेवला, तर जोर जाणवत नाही आणि शब्द अखंड राहतो. म्हणून ‘प प ध प | प ध प ग’ आणि ‘ग ग रे ग | ग रे सा सा’ अशी चाल झाली. ‘येता’ पूर्ण पंचमावर आणि ‘क्याव’ ही जोडी गंधारावर राहिली.

शेवटच्या कडव्यातली ‘आता तिथं तो वड नाही’ ही ओळ नऊ अक्षरांची आहे. ‘तो’ गाळला की आठ भरतात, हे खरे, पण त्या ‘तो’मध्येच ओळख आहे. मोठ्याने म्हणून पाहिले, तेव्हा कळले की बोलताना आपण ‘वड्’ असे एकाच झटक्यात म्हणतो. दोन अक्षरे एका मात्रेत घातली आणि ओळ ठेक्यात आली. या ओळीला स्वर खाली आणले: ‘सा सा रे सा | सा ध सा सा’, त्यातला धैवत मंद्र.

कॉर्ड लावताना प्रत्येक अक्षराखाली कॉर्ड घालण्याचा मोह नवख्याला होतो. मी चार मात्रांना एक कॉर्ड असा हिशेब धरला. षड्ज पांढरी दोन, म्हणजे डी, आणि त्यातले कॉर्ड डी, ए आणि बी मायनर. साथ करणारा बाईंच्या जुन्या शाळेतला मुलगा गिटार नव्याने शिकतो आहे, हे फोनवर बोलताना कळले होते, आणि बी मायनर त्याच्या बोटांना अजून जमणारा नाही. म्हणून गिटारच्या दुसऱ्या पडद्यावर कॅपो हा चिमटा लावून सी, जी आणि ए मायनर हे सोपे आकार दिले. धृपदाच्या पहिल्या ओळीत चार मात्रा सी, चार मात्रा जी. दुसरीत चार मात्रा सी, मग दोन जी आणि दोन सी. कडव्याची पहिली ओळ पूर्ण सीवर राहते आणि दुसरी धृपदाच्या दुसऱ्या ओळीसारखीच. ए मायनर फक्त ‘आता तिथं तो वड नाही’ या ओळीपुरता ठेवला. आधी कुठेही न आलेला कॉर्ड तिथे आला की ओळीचा रंग न सांगता बदलतो, आणि या ओळीतले षड्ज-धैवतही त्यात नीट बसतात.

बाईंना एकच कागद पाठवला: शब्दांवर स्वर, कॉर्ड बदलतो त्या अक्षरावर त्याचे नाव, मंद्र धैवताखाली बिंदू. सोबत सावकाश लयीत गायलेला आवाज, कारण स्वरलिपी सगळ्यांना वाचता येत नाही. खाली लिहिले: ‘गाणे समूहाने म्हणायचे आहे, असे गृहीत धरून पट्टी ठरवली आहे. कडव्याचा वरचा धैवत टोचत असेल, तर पट्टी उतरवा. चाल बदलू नका.’

बाईंचे उत्तर उलटेच आले. मुलांचा ‘वड’वरचा मंद्र धैवत ऐकूच येत नव्हता. गळा खाली पुरत नसेल, तर सूर विरतो किंवा मुले नकळत षड्जच म्हणतात, यावरून हे ओळखता येते. मी षड्ज काळी दोनवर घ्यायला आणि कॅपो तिसऱ्या पडद्यावर सरकवायला सांगितले. सी, जी, ए मायनर हे आकार तेच राहिले, त्यामुळे गिटारवाल्या मुलाला नवे काही शिकावे लागले नाही.