तोंडाला काय बांधता? जॉइंट डिस्प्लेच्या एका ओळीत अडकलेले तीन महिने

प्रबंध जमा होऊन वर्ष झालं, तरी सिनॉप्सिस मंजूर करणाऱ्या त्या कमिटीची खोली आठवली की अजून डोकं तापतं. संस्थेचं नाव घेत नाही. नाशिकमध्येच आहे एवढं पुरे.

माझा विषय द्राक्षबागेत औषध मारणाऱ्या मजुरांची सुरक्षा साधनं. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते, पीएचडी नोकरी सांभाळून केली. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या 160 फवारणी करणाऱ्यांची प्रश्नावली आणि त्यांच्यातल्याच 18 जणांच्या सविस्तर मुलाखती, दोन्ही एकाच हंगामात. यालाच कन्व्हर्जंट पॅरलल डिझाइन म्हणतात. आकड्यांची बाजू आणि बोलण्याची बाजू एकाच वेळी गोळा करायची, दोन्हींचं विश्लेषण वेगवेगळं करायचं, आणि शेवटी निष्कर्ष समोरासमोर ठेवून बघायचं.

कमिटी म्हणाली, "आधी सर्वे करा, त्यातून काय निघतं ते बघा, मग मुलाखती घ्या. क्रम लिहून आणा." मी सांगितलं की तो वेगळा आराखडा, सीक्वेन्शियल. माझ्या दोन्ही बाजू एकत्रच हव्यात, कारण ऑक्टोबर छाटणीनंतरचे पहिले दोन-अडीच महिने बागेत सतत औषध चालतं, डाउनी रोगाची धास्ती असते. सर्वे नोव्हेंबरात केला आणि मुलाखती खरड छाटणीच्या वेळी एप्रिलमध्ये घेतल्या, तर माणसं तीच असतील, पण औषधं वेगळी, ऊन वेगळं, कामाची घाई वेगळी. मग त्या दोन गोष्टींची तुलना कशी करायची? त्यावर एक सर म्हणाले, "पण हे तर ट्रँग्युलेशन डिझाइन आहे, तुम्ही नाव चुकीचं लिहिलंय." आता त्यांच्याकडे क्रेसवेल आणि प्लॅनो क्लार्क यांच्या मिश्र-पद्धती संशोधनावरच्या पुस्तकाची 2007 ची आवृत्ती होती, तिच्यात खरंच तेच नाव आहे. 2011 च्या आवृत्तीत ते कन्व्हर्जंट पॅरलल झालं, 2018 मध्ये नुसतं कन्व्हर्जंट उरलं. सिनॉप्सिसमध्ये आवृत्तीचं वर्ष लिहा, माझे पाच आठवडे त्यात गेले. दसरा उलटला, बागा छाटून झाल्या, आणि मी कागद घेऊन बाकावर बसलेली.

नमुन्याच्या आकड्यावरही थोडी ओढाताण झाली. सर्वेचे 160 सूत्रातून आले होते (पन्नास टक्के प्रमाण धरून, आठ टक्के चुकीची मुभा ठेवली की 151 येतात, वर थोडे जादा). मुलाखतींचे 18 कुठल्या सूत्राने, असं विचारलं. त्याला सूत्र नसतं. नवीन काही ऐकू येईनासं होईपर्यंत घ्यायच्या. शेवटी फॉर्मच्या त्या चौकटीत "15 ते 20" लिहिलं आणि सही मिळाली.

गोळा करायचं काम त्यामानाने सरळ झालं. सकाळची दिंडोरीची एसटी, मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर बागेपर्यंत. पेठ-सुरगाण्याकडून आलेली मंडळी दुपारी सावलीत बसली की बोलायची. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगते, कारण पुढे तिच्यामुळेच वाचले. मुलाखत दिलेल्या प्रत्येकाचा सर्वेतला कोड नंबर मी मुलाखतीच्या फाइलवर टाकला होता. नाव नाही, फक्त नंबर. तेव्हा निव्वळ व्यवस्थितपणा म्हणून केलं होतं.

आता मूळ दुखणं.

जॉइंट डिस्प्ले म्हणजे असा तक्ता, की ज्यात एकाच मुद्द्यावर आकडे काय म्हणतात आणि माणसं काय म्हणतात ते शेजारी शेजारी दिसतं. मी आनंदाने केला. डावीकडे टक्के, उजवीकडे मजुरांची वाक्यं, शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला "दोन्ही निष्कर्ष परस्परपूरक आहेत." गाईड मॅडमनी लाल पेनाने शेवटचा रकाना उभा खोडला आणि वर लिहिलं, "मग?" बाकी काही नाही.

दुसऱ्या खेपेला मी हुशारी केली. मुलाखतींचेही आकडे काढले. 18 पैकी 12 जण डोकं दुखतं म्हणाले, म्हणजे 67 टक्के, आणि सर्वेतही डोकेदुखीचा आकडा त्याच्या आसपास होता. जुळलं! मॅडमनी विचारलं, "उरलेल्या सहांना तू विचारलंस का डोकं दुखतं का म्हणून?" विचारलं नव्हतं. बाराजण आपणहून बोलले होते. न बोललेला माणूस "नाही" म्हणालेला नसतो. जो प्रश्न सगळ्यांना सारखा विचारला नाही त्याची टक्केवारी करून सर्वेच्या टक्केवारीशेजारी बसवली, की तक्ता भारदस्त दिसतो आणि खोटा होतो. हे मला सुचायला हवं होतं, मी स्वतः विद्यार्थ्यांना संशोधन शिकवते. त्या दिवशी गंगापूर रोडने घरी येताना स्वतःचीच लाज वाटली.

तिसऱ्या खेपेला एका ओळीने अडवलं. सर्वेत प्रश्न होता, "औषध मारताना तोंड-नाक झाकता का?" 160 पैकी 118 जणांनी "नेहमी" सांगितलं, 74 टक्के. आणि मुलाखतींमधली माझी ठळक थीम होती, "मास्क कुणी घालत नाही." दोन्ही माझाच डेटा, दोन्ही त्याच मजुरांचा. संख्याशास्त्राचे एक सर म्हणाले, मुलाखती अठराच आहेत, त्या गौण धरा. एका मैत्रिणीने उलट सांगितलं, सर्वेत लोक चांगलं दिसावं म्हणून हो म्हणतात, मुलाखतीच खऱ्या. दोघांचाही सल्ला सोपा होता, कारण दोन्हींत एक बाजू फेकून द्यायची होती. पण या आराखड्यात दोन्ही बाजूंना सारखं वजन देईन असं मी सिनॉप्सिसमध्ये लिहून दिलं होतं. विसंगती आली म्हणून आयत्या वेळी वजन बदलायचं नसतं. आधी हे तपासायचं, की दोन्हीकडे आपण एकच गोष्ट मोजली का.

तेव्हा ते कोड नंबर कामी आले. अठरा जणांच्या प्रश्नावल्या बाहेर काढल्या. त्यांतल्या 14 जणांनी "नेहमी झाकतो"वर खूण केलेली. मग त्याच चौदा जणांच्या मुलाखतीतलं एक उत्तर काढलं. हा प्रश्न मी सगळ्यांना न चुकता विचारला होता: "औषध मारायला निघता तेव्हा अंगावर काय काय घालता, पहिल्यापासून सांगा." म्हणून इथे मोजणं रास्त होतं. चौदांपैकी 11 जण तोंडाला रुमाल बांधत होते, तो मोठा बागायतदार रुमाल. दोघांकडे साधे कापडी मास्क. गाळणी बसवलेला खरा मास्क एकाकडे.

म्हणजे खोटं कुणीच बोललं नव्हतं. मी "तोंड-नाक झाकता का" विचारलं, ते झाकत होते. मुलाखतींचं कोडिंग करताना, म्हणजे वाक्यांना मुद्द्यांची नावं देताना, मात्र माझ्या डोक्यात मास्क म्हणजे गाळणीवालाच होता, म्हणून रुमालाची सगळी वाक्यं मी "मास्क घालत नाही" या कोडखाली टाकली होती. एकाच शब्दाच्या दोन व्याख्या, आणि दोन्ही माझ्या.

त्यातून जे निघालं ते दोन्ही बाजूंत सुटं सुटं नव्हतं. नुसत्या सर्वेवरून लिहिलं असतं की तीन चतुर्थांश मजूर काळजी घेतात. नुसत्या मुलाखतींवरून लिहिलं असतं की कुणी काळजी घेत नाही. शेवटच्या रकान्यात असं लिहिलं: "तोंड झाकण्याची सवय आहे, पण बहुधा रुमालाने. रुमाल तुषारांनी ओला होतो आणि तसाच तोंडाशी राहतो. झाकलंय या समाधानामुळे गाळणीच्या मास्कची गरज वाटत नाही." एक मजूर म्हणाला होता, "रुमाल हाय ना ताई, मग काय व्हतंय." ते वाक्य महिनाभर माझ्यासमोर होतं, मी ते चुकीच्या खणात ठेवलं होतं. या शेवटच्या रकान्याला मेटा-इन्फरन्स म्हणतात. तो भरताना एखादं तरी वाक्य असं हवं, जे एकट्या बाजूवरून लिहिताच आलं नसतं.

त्याची मर्यादाही लिहावी लागली. ही सांगड 18 जणांपुरतीच. उरलेले 142 जण नक्की काय बांधतात हे मला माहीत नाही.

आणखी एक ओळ होती, जिच्यात सर्वेची चौकट रिकामी राहिली. मास्क घातला की चष्म्यावर वाफ धरते, गुदमरतं, ब्लोअर चालवताना दिसत नाही, आणि थांबलं तर मुकादम ओरडतो, हे मुलाखतींत पुन्हा पुन्हा आलं. माझ्या प्रश्नावलीत त्यावर एकही प्रश्न नव्हता. माझा पहिला विचार ती ओळच गाळायचा. मॅडम म्हणाल्या, राहू दे रिकामी, त्यालाही मौन असं नाव आहे. तुझ्या प्रश्नावलीने काय विचारलंच नाही ते तिथे दिसतं. जुळलेली ओळही होती अर्थात: औषधाच्या बाटलीवरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ सर्वेत थोड्यांनाच सांगता आला, आणि मुलाखतींत सगळे म्हणत होते की दुकानदार सांगेल ते खरं. त्या ओळीला पाच मिनिटं लागली.

हे सगळं टाळायचा उपाय साधा होता आणि तो मला शेवटी कळला. तक्ता सिनॉप्सिसच्या वेळीच रिकामा काढायचा. ओळींत मुद्दे लिहायचे, आणि प्रत्येक मुद्द्यावर प्रश्नावलीतला कुठला प्रश्न आणि मुलाखतीतला कुठला प्रश्न, ते समोरासमोर लिहायचं. तोंड झाकण्याची ओळ मी अशी ऑगस्टमध्ये लिहिली असती, तर "कशाने?" हे तिथेच विचारलं असतं. आता प्रश्नावली केली तर चार चित्रं दाखवीन, रुमाल, कापडी मास्क, गाळणीचा मास्क, काहीच नाही, आणि बोट ठेवायला सांगीन.

आणि हो, थीमना प्रश्नावलीच्या भागांची नावं देऊ नका. माझ्या पहिल्या थीम "ज्ञान, दृष्टिकोन, आचरण" अशा होत्या, तीच प्रश्नावलीची तीन शीर्षकं. मग दोन्ही बाजू जुळणारच, आरशासमोर उभं राहिल्यासारख्या. एक बाजू कोड करताना दुसरीचे निकाल बंद फाइलमध्ये ठेवा. मी सगळ्या मुलाखतींचं कोडिंग दुसऱ्यांदा केलं, दिवाळीची सुट्टी त्यात गेली.

छपाईच्या वेळी कार्यालयाने तक्ता परत पाठवला, पान आडवं चालत नाही म्हणून. घडीचं मोठं पान लावलं, बाइंडरने प्रत्येक प्रतीमागे जादा पैसे घेतले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी ती घडी उलगडली, बोट मास्कच्या ओळीवर ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे तुमचा प्रश्न मोघम होता, असं तुम्हीच इथे लिहिलंय?"

मी हो म्हटलं. त्यांनी घडी मिटली आणि पुढचं पान उलटलं.