पाचव्या महिन्यातले चार किलो

विसाव्या आठवड्यात माझं वजन ५२ वरून ५६ झालं होतं आणि सोनोग्राफीत बाळ होतं जेमतेम ३०० ग्रॅमचं. मग बाकीचं गेलं कुठे? डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. वार पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, गर्भजल साधारण ३५०, गर्भाशय वाढलं तेही तेवढंच, स्तनांचे दोनेकशे, जादा रक्त अर्धा-पाऊण किलो. उरले जवळजवळ दोन किलो, ती चरबी. हे सगळे सरासरी आकडे. प्रत्येकीचे थोडे इकडेतिकडे होतात.

चरबी ऐकून माझा चेहरा पडला. पण शरीर ती मुद्दाम आधी साठवतं, मुख्यतः मांड्या, कंबर आणि पाठीवर. तिसाव्या आठवड्यापर्यंत तो साठा बहुतेक पुरा होतो. त्यानंतर बाळच आठवड्याला दोनेकशे ग्रॅमने वाढतं आणि तेव्हा नि पुढे दूध पाजताना ही शिल्लक कामाला येते. त्यामुळे काटा सुरुवातीला आईचं वजन जास्त दाखवतो आणि शेवटी बाळाचं.

रक्ताचा भाग मला सगळ्यात रंजक वाटला. रक्तातलं पाणी जवळपास निम्म्याने वाढतं, तांबड्या पेशी मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. माझं हिमोग्लोबिन १२.२ वरून ११.१ वर आलं ते यामुळेच. रक्त कमी झालं नव्हतं, पातळ झालं होतं. (लोहाच्या गोळ्या तरीही चालूच होत्या, त्या सुटल्या नाहीत.)

शेवटच्या महिन्यांत ऊतींमध्येही पाणी साठतं. संध्याकाळी पाय सुजायचे, सकाळी उतरायचे, त्याचं काही नव्हतं. पण तीन-चार दिवसांत किलो-दीड किलो वाढलं, चेहरा-हात सुजले, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर वाट न बघता रक्तदाब तपासायला या, असं बजावलेलं होतं. असं वजन चरबीने वाढत नाही, पाण्याने वाढतं आणि ते प्रीएक्लॅम्प्सियाचं, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या धोकादायक आजाराचं, लक्षण असू शकतं.

प्रसूतीच्या आदल्या दिवशी ६४.५. बाळ ३.१ किलो, वार ६०० ग्रॅम, गर्भजल आणि गेलेलं रक्त धरून साधारण पाच किलो कमी झाले. म्हणजे पोट रिकामं होऊनही मी ५९.५ होते! पुढच्या आठवड्यात लघवी आणि घामावाटे अडीच किलो उतरले. रात्री कपडे बदलावे लागायचे इतका घाम. दवाखान्यात सलाईन लागलं असेल तर सुरुवातीला काटा उलट वरही जातो, हे नंतर एका मैत्रिणीकडून कळलं.

गर्भाशय सहा आठवड्यांत किलोभरावरून शंभर ग्रॅमच्याही खाली येतं. तेव्हाच्या तपासणीला मी ५६ होते. वरचे चार म्हणजे दुधाने भरलेले स्तन आणि ती पाचव्या महिन्यापासूनची चरबी. ही सगळ्यात सावकाश जाते आणि नुसतं पाजण्याने प्रत्येकीची जातेच असं नाही. माझी निम्मी तरी अजून आहे.