गॅस सुटायच्या आधी पेज

"काल पोट उघडलंय, अजून गॅस पण पास झाला नाही, आणि तुम्ही आजच पेज द्या म्हणता?"

राउंडला रोज कोणीतरी विचारतं, आणि मी घाईत "आता असंच करतात" म्हणून पुढे जातो. ते काही उत्तर नाही, म्हणून आज नीट लिहितोय.

गॅस सुटणं ही मोठ्या आतड्याची खूण आहे आणि सगळ्यात उशिरा जागं होतं ते मोठं आतडंच, दोन-तीन दिवस घेतं. लहान आतडं मात्र काही तासांत, फार तर एका दिवसात चालायला लागतं, जठर दिवस-दोन दिवसांत. आणि अन्न मुख्यतः पचतं ते लहान आतड्यात. दुसरं म्हणजे पेशंटला कडक उपाशी ठेवलं तरी लाळ, जठररस, पित्त मिळून रोज काही लिटर पाणी आतड्यात उतरतच असतं, म्हणजे आतडं कापून शिवलेल्या जोडाला विश्रांती मिळते ही आपली समजूतच. अर्धी वाटी पेजेने त्यात काय फरक पडणार?

रेसिडेंट असताना मीही उलटंच करायचो. प्रत्येकाला नाकातून जठरात जाणारी राईल्स ट्यूब, पोटावर स्टेथो ठेवून आवाज ऐकत बसायचं, चौथ्या-पाचव्या दिवशी गॅस सुटला की चमचाभर पाणी. आवाज आले म्हणजे आतडं पुढे ढकलतंय असं नसतं हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. कोपनहेगनचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की आतडं थांबतं ते हाताळल्यामुळे आलेल्या सुजेने, दुखण्याने, अफूच्या जातीच्या पेनकिलरने, जास्तीच्या सलाईनने, आणि ही कारणं एकत्र कमी केली की पेशंट लवकर खातो, लवकर उठतो. मी ते मनापासून उचललं. आणि मग ते काका आले.

बासष्ट वर्षांचे, उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन छान झालं. संध्याकाळी घोट घोट पाणी, दुसऱ्या दिवशी चहा आणि पेज, तिसऱ्या दिवशी मऊ भात-ताक. फक्त दुखणं थांबवायला पाठीत घातलेली एपिड्युरलची नळी पहिल्या रात्रीच निसटली होती म्हणून ट्रॅमाडॉल, म्हणजे अफूच्या जातीचंच पेनकिलर, चालू होतं, आणि लघवी कमी म्हणून रात्रीच्या ड्युटीवर सलाईनच्या बाटल्या लावत गेले. म्हणजे ज्या दोन गोष्टी टाळायच्या त्याच होत होत्या आणि मी मात्र जेवणाचा तक्ता पाळत होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टरांनी सांगितलं, "सर, काका उचक्या देताहेत, जेवण नको म्हणतात." मी पोट पाहिलं, थोडं फुगलेलं, पल्स ११०. म्हणालो थोडं थोडं देत राहा, चालवा. रात्री अडीचला आडवे असतानाच हिरवी उलटी झाली आणि त्यातली काही छातीत गेली. मग राईल्स घातली तर एकदम १४०० मिली आलं. रक्तातलं पोटॅशियम २.९, म्हणजे बरंच कमी. चार दिवस आयसीयू. जोड सुटला असेल या भीतीने सीटी केला, कारण जोडातून गळत असेल तरी आतडं असंच थांबतं आणि तेव्हा नुसतं इलियस, म्हणजे आतडं तात्पुरतं थांबलंय, असं समजून वाट बघणं जिवावर बेततं. जोड चांगला होता. सहाव्या दिवशी गॅस सुटला, अकराव्या दिवशी घरी गेले.

आयसीयूबाहेर त्यांच्या मुलाने मला विचारलं, "गॅस सुटायच्या आधी दिलंत म्हणूनच झालं ना?" मी नाही म्हणालो, बरंच काही समजावलं, आणि बोलताना मला कळत होतं की मी खरं बोलतोय पण पूर्ण नाही बोलत. आतडं पेजेने बंद पडलं नव्हतं, पण बंद पडलंय हे उचक्या सांगत होत्या तेव्हा मी भात चालू ठेवला. ते मी त्याला सांगितलं नाही.

तर मी आजही त्याच संध्याकाळी पाणी आणि दुसऱ्या दिवशी पेज देतो, बहुतेकांना सोसतं. पण दहात एक-दोघांचं आतडं थांबतं, त्यामुळे उचकी, मळमळ, पोट ताणलेलं, जेवण नको, यातलं काही दिसलं की त्या दिवसाचं जेवण बंद, पोटॅशियम तपासायचं, पेनकिलर बदलायचं, सलाईन मोजायचं, आणि पोट वाढतच असेल किंवा उलटी सुरू झाली तर राईल्सला उशीर नाही. पेशंटने नको म्हटलं तर आग्रह करायचा नाही, नातेवाईकांनीही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप आणि वाढती पल्स असेल तर आधी जोडाचा विचार.

बाहेर आलेलं ते १४०० मिली बरंचसं काकांचं स्वतःचंच पाणी होतं, उपाशी ठेवलं असतं तरी ते साठलंच असतं असं मी स्वतःला सांगतो. मग लगेच वाटतं की उपाशी ठेवलेल्या पेशंटला राईल्स असती आणि छातीत काही गेलं नसतं. पण राईल्स सगळ्यांना घातली तर छातीचे त्रास वाढतात हेही मी पाहिलंय. त्या मुलाला आज काय सांगेन ते अजून ठरलेलं नाही.